गिरणी बंद, सूर्य बंद

आमच्या घरावरचा सूर्य दुपारी एक वाजता जेवायला जातो आणि अडीचला परत येतो. आकाशातला तिथेच असतो, डोक्यावर, टक्कल भाजत. जेवायला जातो तो गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमधला.

निवृत्तीच्या पैशांतून मी पाच किलोवॅटचे सोलर बसवले, तेव्हा बसवणाऱ्या पोराने हिशेब मांडून दाखवला होता. दिवसाला सरासरी वीस युनिट. घरात आठ लागणार, बारा वीज कंपनीला जाणार, नेट मीटर उलटे मोजणार, बिल शून्य. चाळीस वर्षे मुलांना मराठी शिकवलेल्या माणसाला ‘शून्य’ या शब्दात एवढे काव्य असेल असे कधी वाटले नव्हते. पहिल्या आठवड्यात आकडा आला तेरा. दुसऱ्या आठवड्यातही तेरा.

मी शेडमध्ये जाऊन बसू लागलो. इन्व्हर्टर नावाची ती पेटी दिसायला साधी, पण स्वभावाने आमच्या धाकट्या मेहुण्यासारखी. हिरवा दिवा लागे, आकडा चढू लागे, हजार, दोन हजार, अडीच हजार वॅट. मग एकदम ‘टक्’ असा आवाज, दिवा लाल आणि पडद्यावर अक्षरे: `Grid Over Voltage`. नंतर मिनिटभर मौन. मग पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा चढाई, पुन्हा ‘टक्’. रागावून ताटावरून उठायचे, दारापर्यंत जायचे, कोणी बोलवत नाही म्हणून स्वतःच परत यायचे. एका दुपारी मी मोजले. एक ते अडीचमध्ये तो एकोणीस वेळा रुसला.

पोराला फोन केला. तो म्हणाला, “गुरुजी, मशीन ओके आहे. लाइनला व्होल्टेज जास्त आहे. वीज कंपनीला सांगा.”

वीज कंपनीचा वायरमन आला. भला माणूस, चहा न घेता कामाला लागला. मीटरजवळ टेस्टर लावला आणि म्हणाला, “दोनशे छत्तीस. एक नंबर व्होल्टेज आहे गुरुजी. तुमच्या मशीनमध्ये दोष आहे.”

दोघेही खरे बोलत होते. दोघांचेही खरे असले की ग्राहकाचे वाटोळे होते, हे मला त्या दिवशी कळले.

मग शेजारपाजारच्यांनी औषधे सुचवली. पहिले औषध स्टॅबिलायझर. तालुक्याच्या दुकानदाराने पाच केव्हीएचा, उचलायला दोन माणसे लागतील असा, काढूनही ठेवला होता. दुसरे औषध आमच्या भाच्याचे. तो म्हणाला, “मामा, ते मशीन दोनशे त्रेपन्नला बंद पडतं ना? सेटिंगमध्ये जाऊन दोनशे ऐंशी करून टाकू. विषय कट.” तिसरे आत्यांचे. त्यांना इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीचा, दिवे गेल्यावर पंखा फिरवणारा एवढेच माहीत. एकदा भर दुपारी लाइट गेली आणि आमचाही पंखा थांबला, तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढे पैसे घातलेस आणि ऊन असताना अंधार? दृष्ट काढ त्याची.” आणि काढलीही. मीठमोहऱ्या तडतडल्या. इन्व्हर्टरवर परिणाम शून्य. बिलात हवा होता तो शून्य इथे आला.

रोगाचे निदान मात्र झाले बापूंच्या गिरणीत.

बापूंची गिरणी आमच्या घरापासून चार खांब अलीकडे. पिठाच्या दोन चक्क्या आणि मिरचीचा डंका, सगळ्या मोटारी मिळून वीसेक हॉर्सपॉवर. मी दळण घेऊन गेलो होतो. बापू पट्टा उतरवत म्हणाले, “गुरुजी, एक वाजला. आता अडीचला या.” मी दळण तिथेच ठेवून घरी आलो, शेडमध्ये गेलो, आणि लाल दिवा. अडीचला चक्कीची घरघर सुरू झाली आणि इकडे दिवा हिरवा. दुसऱ्या दिवशी तेच. मंगळवारी आठवडी बाजार, गिरणी संध्याकाळपर्यंत धडधडत होती, आणि त्या दिवशी इन्व्हर्टर एकदाही रुसला नाही. माझ्या घरावरचा सूर्य बापूंच्या पिठावर चालतो, असा शोध मी लावला आणि तो कोणाला सांगावा याचा विचार करू लागलो. ही म्हणाली, “कोणालाही नको.”

पण मी आयटीआयच्या सरांना सांगितला. हे आमच्या गावचे निवृत्त निदेशक. तालुक्यातल्या निम्म्या वायरमननी त्यांच्या हातची छडी खाल्लेली. ते हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर आहे. उद्या गिरणी चालू असताना येतो. बंद असताना येऊन उपयोग नाही. चोर घरात असताना पकडायचा असतो.”

दुसऱ्या दिवशी बाराला सर आले. दोन मल्टिमीटर, एक क्लॅम्प मीटर आणि पाठकोऱ्या कागदांची वही. एक मीटर माझ्या हातात देऊन मला गच्चीवर इन्व्हर्टरपाशी उभे केले. स्वतः खाली फाटकाजवळ वीज कंपनीच्या मीटरपाशी. आणि आम्ही एकमेकांना मोबाइलवर आकडे सांगू लागलो.

इन्व्हर्टर जोरात चालू होता. चार किलोवॅट, म्हणजे सतरा अँपिअर बाहेर जात होते. माझा आकडा दोनशे बावन्न. सरांचा दोनशे पंचेचाळीस.

“आता इन्व्हर्टरचा ब्रेकर पाडा,” सर म्हणाले.

मी पाडला. माझा आकडा दोनशे तीस. सरांचाही दोनशे तीस.

“संपलं,” सर म्हणाले. “सापडला चोर. तुम्हीच आहात.”

मी वर एकटाच उभा होतो, त्यामुळे संशयाला जागा नव्हती.

चहा पिताना त्यांनी वहीवर एक ओढा काढला. “गुरुजी, तुमच्या मळ्यातलं पाणी पाटाने दुसऱ्याच्या शेतात सोडायचं असेल तर तुमची पातळी त्याच्यापेक्षा वर पाहिजे की नको? वीज तशीच. लाइनवर दोनशे तीस असताना तुम्हाला तिच्यात वीज ढकलायची, तर तुमच्या टोकाला दोनशे तीसपेक्षा जास्तच असावं लागतं. किती जास्त, ते पाट किती अरुंद त्यावर. पाट रुंद असेल तर वीतभर चढ पुरे. तुमचा पाट म्हणजे उंदराचं बीळ. त्यातून सतरा अँपिअर रेटायला बावीस व्होल्टचा चढ लागतोय.”

मग मला उलगडले की वायरमनला दोनशे छत्तीसच का दिसले. तो आला तेव्हा गिरणी बंद होती आणि इन्व्हर्टर रुसून बसला होता. रुसलेला असताना तो वीज ढकलत नाही, म्हणून चढ नाही, म्हणून व्होल्टेज शहाण्यासारखे. मिनिटभराने हा शहाणपणा पाहून इन्व्हर्टर परत येतो, ढकलू लागतो, स्वतःच्याच ढकलण्याने व्होल्टेज चढवतो, त्यालाच घाबरतो आणि पळतो. स्वतःच्या सावलीला भुंकणारे कुत्रे मी पाहिले होते. पाच किलोवॅटचे प्रथमच पाहिले.

ते मिनिटही उगाच नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे लाइनचे व्होल्टेज ठरलेल्याच्या ११० टक्क्यांवर गेले की अशा यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत लाइनपासून सुटायचे, आणि लाइन निदान साठ सेकंद नीट राहिल्याशिवाय परत जोडायचे नाही. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. आमचा बिचारा कायद्याने वागत होता. घरात कायद्याने वागणारा तो एकटाच, म्हणून सगळे त्याला वेड्यात काढत होते.

आत्यांच्या प्रश्नाचेही उत्तर त्यातच होते. लाइट गेली म्हणजे खांबावर कोणीतरी चढलेला असू शकतो. तेव्हा आमच्या गच्चीवरून वीज तारेत जात राहिली, तर खाली ज्याला आपण मेलेली तार समजतो ती जिवंत असते. म्हणून लाइन गेली की बॅटरी नसलेल्या या इन्व्हर्टरने ऊन असो वा नसो, गप्प बसायचे. आत्या म्हणाल्या, “मग तसं आधी सांगायचं, मी मीठ वाया घालवलं नसतं.”

आता गिरणीचे गणित. बापूंच्या मोटारी चालू असताना लाइनवर ओढ असते, त्यामुळे आमच्या खांबावर २३० व्होल्ट. त्यावर आमचा २२ चा चढ, बेरीज २५२. काठावर पास. बापू जेवायला गेले की ओढ संपते, लाइन २३६ वर येते. २३६ आणि २२ मिळून २५८ होणार, पण वाटेत २५३ आले की ‘टक्’. रविवारी निम्मी दुकाने बंद म्हणून लाइन २४० वर. त्या दिवशी तर इन्व्हर्टर दहा वाजल्यापासूनच रुसे. अस्थिर लाइन म्हणतात ती हीच. तिच्या अंगात येत नाही. गावाची ओढ बदलते तसे ती श्वास घेते. संध्याकाळी साडेसातला, सगळे दिवे आणि टीव्ही लागल्यावर, हीच लाइन आमच्याकडे २१० वर आणि शेवटच्या खांबापलीकडच्या वस्तीत १९५ वर असते.

सरांचा पुढचा प्रश्न होता तो या बावीस व्होल्टांची वाटणी कशी झाली. भाऊबंदकीत वाटणी जितकी चोख, उपाय तितका स्वस्त. सात व्होल्ट आमच्या घरातच. कारण मीटर फाटकाजवळ, इन्व्हर्टर मागच्या गच्चीवर, मधली तार पंचेचाळीस मीटर आणि जाडी चार चौरस मिलिमीटर. तांब्याची होती, पण बारीक. आणि वीज जाते तितकीच न्यूट्रलमधून परत येते, म्हणजे हिशेबाला नव्वद मीटर. चार चौरस मिलिमीटरच्या नव्वद मीटर तांब्याचा अडथळा साधारण ०.४१ ओहम. गुणिले सतरा अँपिअर, बरोबर सात व्होल्ट. “म्हणजे सहावीचं गणित,” मी म्हणालो. सर म्हणाले, “हो. पण करायला कोणी बसत नाही. तार कोणती टाकायची, तर टेम्पोत उरलेली.”

उरलेले पंधरा व्होल्ट मीटरच्या बाहेरचे. तिथे हात लावायचा अधिकार ना माझा ना सरांचा. सरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, म्हणजे त्याच भल्या वायरमनला, बोलावले. या वेळी गिरणी चालू, इन्व्हर्टर चालू. त्याने खांबावर मोजले, दोनशे पस्तीस. आणि खाली मीटरला दोनशे पंचेचाळीस. तो मीटर पुन्हा पुन्हा झटकू लागला. त्याच्या आजवरच्या नोकरीत खांबावर जास्त आणि घरात कमी, हाच सृष्टीचा नियम होता. सर खालून म्हणाले, “बाळा, नदी उलटी वाहतेय. मीटर नको झटकूस, जोड बघ.”

जोड पाहिला. सर्व्हिस वायरची ॲल्युमिनियमची टोके लाइनच्या तारेभोवती नुसती पिळून ठेवलेली, वर्षानुवर्षे वारा खाऊन काळी पडलेली. वारा सुटला की आमचे दिवे लुकलुकायचे ते यामुळे. आम्ही त्याला पावसाळ्याची चाहूल समजत होतो. सरांनी सांगितले की त्या जोडात चार व्होल्ट मरत होते. चार गुणिले सतरा, म्हणजे साठ वॅटच्या वर. भर दुपारी खांबावर साठचा बल्ब जळावा तेवढी उष्णता त्या काळ्या गाठीत निर्माण होत होती, उजेड मात्र नाही. अशी गाठ कधीतरी वितळते.

जोडाचे चार गेले की राहिले अकरा. त्यातले सहा सर्व्हिस वायरचे, तीही चार चौरस मिलिमीटरची, पण ॲल्युमिनियमची. तांब्यापेक्षा ॲल्युमिनियमचा अडथळा दीडपट, म्हणून पंचवीस मीटरातच सहा व्होल्ट खाल्ले. ती पूर्वी चार दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी ओढलेली. आणि शेवटचे पाच व्होल्ट खांबापासून डीपीपर्यंतच्या लाइनचे. ते आमच्या हातातले नाहीत.

सरांनी वहीच्या एका बाजूला ‘औषधे’ असे लिहिले आणि गावाने सुचवलेली आधी खोडली. स्टॅबिलायझर का नाही? “तो लाइनमधून घेऊन फ्रिजला देण्यासाठी केलेला आहे. इथे वीज उलट्या दिशेने जाते. त्याचं डोकं एका बाजूला मोजतं आणि दुसऱ्या बाजूला वागतं. शिवाय तो रिले पाडत पायऱ्यापायऱ्यांनी व्होल्टेज बदलणार आणि प्रत्येक पायरीला तुमचा इन्व्हर्टर दचकणार. आणि समजा सगळं जमलंच, तरी तारेतला चढ तसाच. ताप उतरवायला थर्मामीटर पाण्यात बुडवण्यातला प्रकार.” दुकानदाराचा नफा तिथेच खुडला गेला.

भाच्याच्या २८० वर सर जास्त वेळ बोलले. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये भारताची मर्यादा आहे की चुकून दुसऱ्याच देशाची राहून गेली आहे, हे पाहणे योग्य. आम्ही पाहिले, भारताचीच होती. पण मर्यादा वाढवणे म्हणजे ताप मोजणाऱ्याचे तोंड बांधणे. “त्याच तारेवर तुमचा फ्रिज आहे, टीव्ही आहे, आणि शेजारच्यांचाही. तुमचा इन्व्हर्टर २७० ला हसत राहील आणि शेजारणीचा मिक्सर रडेल. शिवाय वीज कंपनीच्या परवानगीशिवाय तिथे हात लावायचा नसतो.” भाचा मोबाइलमध्ये पाहू लागला.

खरे औषध लागू व्हायला वेळ होता, तार आणायची, अर्ज करायचा. तोवरचा घरगुती काढा सरांनी असा दिला: एक वाजता घरात काहीतरी मोठे चालू करा. दोन किलोवॅटचा गीझर लावला की तेवढी वीज घरातच मुरते, बाहेर आठ अँपिअर कमी जातात, आणि मीटरबाहेरचा चढ सात व्होल्टने उतरतो. २५८ चे २५१ होतात. इन्व्हर्टर खूश.

तेव्हापासून आमचे घर दुपारी एकला आंघोळ करू लागले. वैशाखात, कढत पाण्याने. ही दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, वीज वाचवायला सोलर घेतलं ना? मग रोज दुपारी ती संपवायला मी का राबायचं?” मी तिला चढ समजावून सांगितला. तिने मला चढ समजावून सांगितला. मग गीझरऐवजी घरघंटी लावायचे ठरले. ती एक हॉर्सपॉवरची, अडीच व्होल्टच उतरवते, रुसवे पुरते थांबत नाहीत, पण घामाघूम तरी होत नाही. त्यात एक अडचण निघाली. बापू जेवायला गेले की आमची घरघंटी सुरू होते, हे चार घरांना कळले आणि आमच्याकडे दळणे येऊ लागली. बापू तीन दिवस रामराम घेईनात.

अर्ज केला. सरांनी तो स्वतः सांगितला आणि मी शुद्धलेखन सांभाळून लिहिला. नुसते ‘व्होल्टेज जास्त येते’ असे लिहिले की कार्यालयातला माणूस येऊन २३६ मोजून जातो. म्हणून लिहिले की इन्व्हर्टर सतरा अँपिअर पाठवत असताना मीटरवर इतके, खांबावर इतके, ब्रेकर पाडल्यावर इतके. सर्व्हिस वायर आणि जोड बदलून मिळावा. आकडे, वेळ, तारीख. आठवडा लागला, पण वायर आली, सोळा चौरस मिलिमीटरची, आणि जोडाला पिळ्याऐवजी नीट क्लॅम्प. घरातली तार मी माझ्या पैशाने बदलली, दहा चौरस मिलिमीटर तांबे. त्या दिवशीचे तांब्याचे भाव ऐकून देव्हाऱ्यातल्या कलशाकडे मी निराळ्याच नजरेने पाहिले.

डीपीचा टॅप उतरवा, असेही आम्ही विचारून पाहिले. मोठ्या डीपीला व्होल्टेज अडीच-अडीच टक्क्यांनी वरखाली करायची सोय असते, लहानांना पुष्कळदा नसतेच. आमच्या डीपीला होती. पण अधिकारी म्हणाले, “दुपारी तुमच्यासाठी खाली आणला, तर संध्याकाळी शेवटच्या वस्तीत १९५ चे १९० होतील. त्यांचे पंखे कोण फिरवणार?” याला उत्तर नव्हते. टॅप हा गावच्या पारासारखा. एकासाठी हलवता येत नाही.

नवा हिशेब असा. घरातल्या तारेत सातचे तीन झाले. सर्व्हिस वायरमध्ये सहाचे दीड. जोडात चारचे जवळपास काहीच नाही. लाइनचे पाच तसेच. बावीसचे साडेनऊ. गिरणी बंद, २३६ आणि साडेनऊ, २४६ च्या आत. रविवारी २४० आणि साडेनऊ, अडीचशेच्या खाली. अडीचशे ते त्रेपन्न एवढी फट सणासुदीसाठी. त्यासाठी पोराला बोलावून इन्व्हर्टरमधली एक सोय वीज कंपनीला कळवून चालू केली. व्होल्टेज अडीचशेवर जाऊ लागले की तो ‘टक्’ करून उठून जात नाही, वीज थोडी थोडी कमी करतो. म्हणजे रागावून ताटावरून उठण्याऐवजी एक पोळी कमी खातो. मेहुण्याला ही सोय बसवता येईल का, असे मी विचारले. पोराने नाही म्हणून सांगितले.

आता रोजचे एकोणीस-वीस युनिट होतात. एक वाजता सूर्य जेवायला जात नाही. आंघोळी सकाळी होतात. बापूंनी रामराम सुरू केला आहे.

परवा बापू घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, मीही गिरणीवर पंधरा किलोवॅटचं बसवतोय. पोरगा येऊन बघून गेला.” मी हातातली बशी खाली ठेवली आणि सरांना फोन लावला. सर म्हणाले, “बसवू दे. त्यांचं कनेक्शन तीन फेजचं आहे. तीन फेजांत सारखी वाटून गेली की प्रत्येक तारेत तिसरा हिस्सा, आणि न्यूट्रलमध्ये परत काही येतच नाही. तीच वीज तुमच्यासारखी एका फेजवर ढकलली असती तर जेवढा चढ झाला असता, त्याचा सहावा हिस्सा होईल. नव्याने बसवणाऱ्याला हाच सल्ला द्या.”

“मग काळजी नाही?”

“गिरणी चालू असेल तेव्हा नाही. सगळी वीज मोटारीच पितील.” सर थांबले. “रविवारी गिरणी बंद असते ना?”

मी बापूंकडे पाहिले. ते बिस्कीट बुडवत होते. मनात २४० मध्ये साडेनऊ मिळवून, वर बापूंचे किती धरावेत याचा विचार करत मी म्हणालो, “बापू, दहा किलो गहू साठलेत. रविवारी एक वाजता आणू का?”